आठ महिने वापरलेलं ऑटोमॅटिक घड्याळ आणि वाचलेले 2,800 रुपये

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत : सायकोची 4आर36 यंत्रणा, ताशी 21,600 ठोके, पूर्ण चावीवर साधारण 41 तास. हे घड्याळ पतसंस्थेतल्या एका तरुण कारकुनाच्या मनगटावर आहे. महिन्याला 1,500 बाजूला टाकत, गणपतीत नवे कपडेही न शिवता त्याने दहा महिन्यांत 15,000 जमवले. त्यामुळे इथे प्रत्येक रुपयाचा हिशोब होणार.

पहिले सहा महिने तक्रार एकच. शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याचा हात हलतो किती? रोटर फिरत नाही, स्प्रिंग अर्धीच भरते. रोज सकाळी किल्लीला वीसेक फेरे दिले की हा प्रश्न मिटतो. तेवढ्यासाठी एक स्टार कापला होता. तो परत देतो.

सातव्या महिन्यात खरा घोळ झाला. रोज दहा-बारा सेकंद पुढे जाणारं घड्याळ एका रात्रीत दिवसाला सहा मिनिटं पुढे पळायला लागलं. दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच निदान केलं, "तेल सुकलंय, ओव्हरहॉल करावं लागेल, 2,800." म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची बचत!

सात महिन्यांत तेल सुकत नाही. सुकलंच तर घड्याळ सहसा हळूहळू बिघडतं, एका रात्रीत नाही. अचानक मिनिटांनी पुढे जाऊ लागलं तर पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि तिला जोडलेलं बॅलन्सचं चाक भराभर झुलतं. गुन्हेगार उशाशीच सापडला : मोबाइलचं चुंबकी फ्लॅपचं कव्हर. घड्याळ रात्रभर त्याच्यावर ठेवलेलं असायचं.

तपासायला साधा होकायंत्र पुरतो. तो टेबलावर ठेवून घड्याळ हळूहळू जवळ न्यायचं. सुई जोरात झटका मारून वळली तर संशय पक्का. मग चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर आणायचा. ऑनलाइन मिळणारी ही निळी डबी 450 रुपयांना पडली. घड्याळ वर ठेवून बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, हातभर लांब न्यायचं. मगच बटण सोडायचं. घड्याळ डबीवर असतानाच बोट उचललं तर चुंबकत्व उरतं, कधी वाढतंही. तसं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. गती तरीही ताळ्यावर आली नाही तर मात्र झाकण उघडावंच लागेल, कारण धक्क्यानेही वेढे अडकतात.

इथे पहिल्याच दमात काम झालं. दुसऱ्या दिवशी फरक अकरा सेकंद. कंपनी +45 ते −35 सेकंद चालवून घेते, तेव्हा हे उत्तमच.

काचेवर दोन बारीक ओरखडे आहेत, दुर्लक्ष करण्याजोगे. स्टीलचा पट्टा उन्हाळ्यात मनगटाला घट्ट होतो, बकलचा पिन एक भोक पुढे सरकवावा लागतो. साडेचार स्टार. अर्धा कापला, कारण सोबतच्या जाडजूड माहितीपुस्तिकेतली चुंबकाची सूचना मराठीत नाही.