एचडीएमआय ईडीआयडी एम्युलेटर: दोन स्क्रीनच्या सेवा केंद्रात वापरानंतरचा अनुभव

मॉनिटर झोपला तरी तो जोडलेलाच आहे असं संगणकाला भासवणारा हा छोटा जोड तालुक्याच्या सेवा केंद्रात बसवला त्याला पावसाळा, हिवाळा आणि कूलरचे दिवस असे तिन्ही ऋतू होऊन गेले. मांडणी साधी आहे: विंडोज 11 चा एक ऑफिस डेस्कटॉप, समोर 24 इंची 1920×1080 मॉनिटर, बाजूला 27 इंची 2560×1440. छोट्यावर अर्जाचं पोर्टल, मोठ्यावर सातबारा, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि एक्सेल. रांग नसली की दहा मिनिटांनी स्क्रीन बंद होते. माउस हलवला की उघडते, पण मोठ्या स्क्रीनवरचं सगळं छोट्या स्क्रीनवर एकावर एक येऊन पडलेलं असतं. ग्राहक समोर उभा, आणि ऑपरेटर विंडो ओढत बसलेला.

दोष विंडोजचा वाटतो, पण सुरुवात मॉनिटरकडून होते. एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट या दोन्ही केबलमध्ये ‘मी जोडलेला आहे’ हे सांगणारी एक वेगळी तार असते. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. बरेच डिस्प्ले पोर्ट मॉनिटर गाढ झोपेत गेले की ही तार सोडून देतात, म्हणजे तिच्यावरचा सिग्नल बंद करतात. मग संगणकाला मॉनिटर झोपलाय आणि मॉनिटरची केबल उपटली यातला फरक कळायला मार्ग नसतो. तो स्क्रीन यादीतून काढतो आणि तिच्यावरच्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर हलवतो. जुन्या व्हीजीएमध्ये अशी तारच नव्हती, म्हणून जुन्या जोडीवर हा त्रास क्वचित दिसायचा आणि नवीन चांगला मॉनिटर आणल्यावर सुरू व्हायचा. एचडीएमआयचं वेगळं आहे. तिथे संगणकच केबलमधून 5 व्होल्ट पुरवतो, आणि अनेक मॉनिटर त्याच 5 व्होल्टवरून ही तार वर धरून ठेवतात, म्हणजे तिच्यावरचा सिग्नल चालू ठेवतात. त्यामुळे मॉनिटरची लाइन गेली तरी संगणकाच्या हिशेबी तो जोडलेलाच असतो. अनेक म्हटलं, सगळे नाही.

पैसे घालण्याआधी रोग हाच आहे का ते बघून घ्यावं. पॉवरशेल उघडून हे चालू ठेवा आणि संगणक मोकळा सोडा:

```powershell
while ($true) {
  $n = @(Get-PnpDevice -Class Monitor -PresentOnly -ErrorAction SilentlyContinue).Count
  "$(Get-Date -Format HH:mm:ss)  $n" |
    Add-Content "$env:USERPROFILE\mon.txt"
  Start-Sleep 1
}
```

स्क्रीन बंद होऊन दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, मग उठवा, `Ctrl+C` दाबून हे थांबवा आणि `mon.txt` वाचा. सगळीकडे 2 असेल तर मॉनिटर निर्दोष आहे. मग एखादा प्रोग्रामच आपली विंडो हलवतोय किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर गडबड करतोय. स्क्रीन काळी झाल्यावर थोड्या वेळात 2 चा 1 झाला आणि उठेपर्यंत तसाच राहिला, तर मॉनिटर गाढ झोपेत तार सोडतोय. झोपेत 2 आणि फक्त उठताना एक-दोन ओळी 1, तर तो जागा होताना स्वतःला पुन्हा जोडून घेतोय. या केंद्रातला 27 इंची गाढ झोपेत तार सोडणारा होता आणि तो डिस्प्ले पोर्टवर होता.

स्क्रीन मुळात झोपतच नसेल तर तो वेगळा रोग आहे. अ‍ॅडमिन म्हणून `powercfg /requests` चालवा. `DISPLAY` खाली कुणाचं नाव दिसतंय ते बघा. बहुधा ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ निघतो.

फुकटचे दोन उपाय आधी करावेत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत `Deep Sleep` किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. सोबत इनपुट आपोआप शोधण्याचा पर्यायही बंद करून इनपुट ठरावीक करा, कारण सिग्नल गेल्यावर मॉनिटर बाकीची इनपुट चाचपत बसतो आणि जागा व्हायला उशीर लावतो. गाढ झोप बंद केल्याने स्टँडबायची वीज थोडी वाढते, ती सोसावी. दुसरा उपाय विंडोजमध्ये: `Settings > System > Display > Multiple displays` मधलं `Remember window locations based on monitor connection` चालू ठेवा. ही सोय विंडोज 11 सोबत 2021 मध्ये आली आणि ती खरंच उपयोगी आहे. दोन्ही स्क्रीन लागोपाठ परत आल्या की विंडो जागेवर जातात. पण एक स्क्रीन चार-पाच सेकंद उशिरा आली, किंवा दोन स्क्रीनचं स्केलिंग वेगळं असलं, एक 100 टक्के आणि दुसरी 125, की निकाल नशिबावर. काही जुने प्रोग्राम स्क्रीन बदलल्याची खबर मिळताच स्वतःच आकार बदलून बसतात, आणि तो बदल विंडोज उलटवत नाही. इथे दोन्ही उपायांनी त्रास कमी झाला, पण गेला नाही. लाइन गेली-आली की पुन्हा तेच.

म्हणून एम्युलेटर. अंगठ्याएवढा जोड, एका बाजूला एचडीएमआय नर, दुसऱ्या बाजूला मादी. तो संगणकाच्या पोर्टला लागतो आणि केबल त्याच्या मागे. मॉनिटरची ओळखपत्रिका, म्हणजे ईडीआयडी, तो स्वतःजवळ ठेवतो आणि संगणकाच्या 5 व्होल्टवर ती तार कायम वर धरतो. पलीकडे मॉनिटर झोपो, बंद पडो की केबल निघो, अलीकडे काही कळत नाही. ‘पास-थ्रू’ लिहिलेलाच घ्यावा. फक्त एका टोकाचा डमी प्लगही त्याच नावाने विकतात. तो लावला की खरा मॉनिटर लावायला जागाच उरत नाही.

यात दोन जाती आहेत. स्वस्त जातीत कारखान्यातच एक सर्वसाधारण ईडीआयडी भरलेली असते, बहुधा 4K ची. ती 1440 च्या मॉनिटरला लावली की विंडोज त्याला 3840×2160 देऊ करतं. ऑपरेटरने भोळेपणाने ते निवडलं की मॉनिटरवर ‘रेंजबाहेर’चा संदेश येतो. शिकणारी जात थोडी महाग, पण तीच घ्यावी. तिच्यावर बटण असतं; खरा मॉनिटर चालू ठेवून ते दाबून धरलं की दिवा लुकलुकतो आणि मॉनिटरची ओळख नकलून घेतली जाते. बटण किती वेळ दाबायचं ते सोबतच्या चिठ्ठीवर असतं. नक्कल झाली का ते `Advanced display` मध्ये कळतं: मॉनिटरचं खरं नाव दिसलं तर झाली, भलतंच नाव दिसलं तर पुन्हा करा.

या केंद्रातली जोडणी अशी ठरली. संगणकाला एक एचडीएमआय आणि एक डिस्प्ले पोर्ट. त्रास देणारा 27 इंची डिस्प्ले पोर्टवरून काढून एचडीएमआयवर आणला: पोर्ट, एम्युलेटर, केबल, मॉनिटर या क्रमाने. 24 इंची डिस्प्ले पोर्टवर गेला, मध्ये डिस्प्ले पोर्ट ते एचडीएमआय अडॅप्टर लावून. त्याची तार झोपेत पडत नव्हती, म्हणून त्याला एम्युलेटर लागला नाही. लागला असता तर तो अडॅप्टरच्या पुढे बसला असता. पोर्ट बदलल्यावर स्क्रीनची डावी-उजवी मांडणी एकदा नव्याने लावावी लागते. नंतर पोर्ट अदलाबदल करू नयेत, कारण विंडोजच्या आठवणीत मॉनिटरसोबत पोर्टही असतो. तपासणी सोपी: वरचं स्क्रिप्ट चालू ठेवून मॉनिटरच्या बाजूची केबल उपटा. आकडा 2 वरून हलला नाही तर काम फत्ते. तेव्हापासून 27 इंचीवरच्या विंडो झोपेने हललेल्या नाहीत.

मग डिस्प्ले पोर्टचाच एम्युलेटर का नाही? डिस्प्ले पोर्टमध्ये चित्र सुरू होण्याआधी संगणक आणि मॉनिटर यांच्यात वेगाची बोलणी होते. ही जोडणी तुटली तर मॉनिटर त्याच हॉट प्लगच्या तारेवर अगदी छोटा ठोका देऊन पुन्हा बोलणी मागतो. एम्युलेटर ती तार घट्ट वर धरून बसला आणि ठोका पुढे गेलाच नाही, तर संगणक समजतो सगळं ठीक, आणि मॉनिटर काळा. विंडो जागेवर राहतात, दिसत मात्र नाहीत. चांगले जोड हे सांभाळतात, स्वस्त नाही.

एचडीएमआयमध्ये ही अडचण 4K ला 60 हर्ट्झवर येते. 2560×1440 ला 60 हर्ट्झवर पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग, 241.5 मेगाहर्ट्झ लागतो. 340 च्या आत असेल तर एचडीएमआयला मॉनिटरशी आधी काही ठरवावं लागत नाही. 4K ला 60 वर 594 लागतो, आणि 340 च्या वर गेलं की संगणकाने मॉनिटरला आधी कळवून सिग्नल विशिष्ट पद्धतीने मिसळून पाठवावा लागतो. मॉनिटरची लाइन जाऊन आली की तो हा करार विसरतो. तार वरच राहिल्याने संगणकाला पुन्हा करार करायचं सुचत नाही, म्हणून पडदा काळा. अशा वेळी एम्युलेटर काढून पुन्हा लावावा लागतो. तुमचा मॉनिटर 4K असेल तर तो 30 हर्ट्झवर चालवणं किंवा हा जोड न घेणं, यातलं एक निवडा. 30 हर्ट्झवर माउस जड वाटतो, दिवसभर टायपिंग करणाऱ्याला ते नको होईल.

लाइनचं थोडं. आमच्याकडे फेज उडणं आणि व्होल्टेज खालीवर होणं नवीन नाही. सीपीयू यूपीएसवर आणि मॉनिटर साध्या बोर्डावर असेल तर प्रत्येक झटक्याला मॉनिटर बंद होऊन उठतो. एम्युलेटरमुळे विंडो वाचतात, मॉनिटर नाही. दोन्ही मॉनिटर मिळून साधारण 50 ते 60 वॅट खातात, तेवढा भार यूपीएसवर टाकायला हरकत नाही.

खटकण्यासारख्या गोष्टी अशा. हा जोड पोर्टमधून बाहेर लटकतो आणि जाड केबलच्या ओझ्याने सॉकेट ढिलं होतं. केबल टेबलाच्या पायाला बांधून ओझं काढून घ्या. कॅबिनेटची मागची बाजू कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, धूळ आणि ओल थेट तिथेच जाते. मॉनिटर दुरुस्तीला गेला तरी विंडोज तो आहे असंच मानतं, आणि नव्या विंडो त्या नसलेल्या स्क्रीनवर उघडतात. `Win+Shift+←` किंवा `→` ने अडकलेली विंडो परत ओढता येते; मॉनिटर बरेच दिवस नसेल तर `Win+P` दाबून एकच स्क्रीन निवडा, किंवा जोडच काढून ठेवा. काही संगणकांत सुरू होतानाचा बायोसचा पडदाही याच पोर्टवर जातो. मोठा मॉनिटर बंद असताना संगणक सुरू केला आणि छोटी स्क्रीन विंडोज येईपर्यंत काळी राहिली, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी मोठ्याचं बटण दाबून बघा.