केशर दुधात अख्खे भिजवावे की खलून घालावे?

साखरभात किंवा श्रीखंड करायचे ठरले की केशर कोमट दुधात घालायचे, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. काड्या अख्ख्या टाकाव्यात की साखरेबरोबर खलून घ्याव्यात, यावर मात्र आमच्या परभणीच्या घरात दोन पक्ष आहेत. मी दोन्ही पद्धती बरीच वर्षे वापरल्या आहेत.

अख्ख्या काड्यांचा एक गुण मान्य करावाच लागेल. अस्सल केशर दुधाला सावकाश पिवळा रंग देते आणि काडी लालच राहते; दूध क्षणात लालभडक होऊन काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली होती हे लगेच कळते. खललेल्या केशराची अशी परीक्षा करता येत नाही.

माझे मन फिरले ते सायीमुळे. अख्ख्या काड्यांना रंग सोडायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात गरम दुधावर साय धरते आणि काड्या नेमक्या तिच्यात अडकतात. एका दसऱ्याला वाटीभर तांदळाच्या साखरभातासाठी मी तीस काड्या भिजवल्या होत्या. दूध ओतताना ती साय एकाच जागी पडली, तिथला भात शेंदरी आणि चक्क कडवट झाला, बाकीचा फिकाच राहिला. झाकण ठेवल्याने साय कमी येते हे खरे, परंतु वाटीच्या काठाला चिकटलेल्या काड्या तशाच उरतात.

आता मी तेवढ्याच तांदळाला वीस काड्या घेतो. चैत्रात आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्या चिमटीतच चुरतात. श्रावणात मात्र दमट होतात, म्हणून आच बंद केलेल्या कोमट तव्यावर कागदात गुंडाळून अर्धा मिनिट ठेवतो. मग चिमूटभर साखरेबरोबर लहान खलात घोटतो, कारण साखरेचे कण काडीला धरून ठेवतात, आणि बोट सहज बुडवता येईल इतक्या कोमट दुधाचे दोन मोठे चमचे त्यावर घालतो. दहा-पंधरा मिनिटांत दूध एकसारखे रंगते. ते भातावर शेवटच्या वाफेच्या वेळी घालावे. आधी घातल्यास रंग टिकतो, पण सुगंध वाफेबरोबर निघून जातो. भातात लिंबू पिळायचे असेल, तर मी दुधाऐवजी कोमट पाणी घेतो, नाहीतर दूध फाटण्याची शक्यता असते.

अर्धा किलो चक्क्याच्या श्रीखंडालाही वीस काड्या मला पुरेशा वाटतात. कालवल्यावर रंग फिका दिसला, तरी आणखी केशर घालण्याची घाई करू नये, कारण रात्रभर मुरल्यावर तो गडद होतो. वरून सजावटीसाठी चार काड्या अख्ख्या ठेवायला माझीही हरकत नसते.