टाकळ्यावरचा हिरवा शिक्का: आयनॅचरलिस्ट सहा महिने वापरल्यावर

झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून इतरांच्या मदतीने त्यांची नावं ओळखायची साइट म्हणजे आयनॅचरलिस्ट. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी ते जवळजवळ रोज वापरलं. फोटो कसा चढवायचा, नकाशावर जागा कशी लावायची हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते सोडून देतो. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, ओळख पक्की मानली की नोंदीवर उमटणाऱ्या Research Grade या हिरव्या शिक्क्याबद्दल. सुरुवातीला मी त्याला परीक्षेतल्या पासच्या शिक्क्यासारखं मानत होतो. आज तसं मानत नाही.

गोव्यात साखळीला आमच्या घरामागे आणि समोरच्या रस्त्याकडेला पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो. घरात सगळे त्याला तायकिळो म्हणतात. आई कोवळी पानं खुडते आणि फणसाच्या आठळ्या व ओलं खोबरं घालून भाजी करते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी रस्त्याकडेच्या एका रोपाचा वरून एकच फोटो काढून टाकला. साइटवर आपोआप सुचवलेल्या नावांत पहिलं Senna tora होतं, तेच मी निवडलं. दुसऱ्या दिवशी एका सदस्याने सहमतीचं बटण दाबलं आणि शिक्का उमटला. मी आईला मोबाइल दाखवला. ती म्हणाली, "तायकिळोच तो. त्यात काय पाहायचं?"

सप्टेंबरात फुलं आल्यावर मी टाकळ्याचं जुनं वर्णन वाचत बसलो आणि तिथे अडखळलो. टाकळ्यासारखी दिसणारी दुसरी एक जात आहे, Senna obtusifolia. दोघींच्या पानाला साधारण तीन जोड्या पर्णिका, दोघींची फुलं पिवळी, दोघींच्या शेंगा लांब आणि वाकड्या. दुसरी मूळची अमेरिकेकडची, आता उष्ण प्रदेशांत बऱ्याच ठिकाणी पसरलेली. फरक पाहायचा तर पान हातात घेऊन मधल्या देठाची वरची बाजू पाहावी लागते. टाकळ्यात खालच्या दोन जोड्यांमध्ये, म्हणजे प्रत्येक जोडीच्या दोन पर्णिकांच्या मधोमध, नारिंगी-पिवळसर काडीसारखी एकेक बारीक ग्रंथी असते. दुसरीत ती फक्त सगळ्यात खालच्या जोडीत असते. शेंगेचा देठही वेगळा. टाकळ्यात तो सुमारे एक सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड, दुसरीत दोन सेंटिमीटरच्या पुढे जातो.

माझा जूनचा फोटो पुन्हा उघडला. वरून काढलेला, पर्णिका पसरलेल्या, मधला देठ झाकलेला. ग्रंथी एक होती की दोन, कोणालाच कळणार नव्हतं. मग दोघांनी होकार कशाच्या जोरावर दिला?

त्या रात्री मला खरंच राग आला. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत अशी वसूल होते, असं मनात आलं. नंतर शांतपणे नियम वाचला. तो उघड लिहिलेला आहे, लपवलेलं काही नाही. जातीच्या नावावर किमान दोन ओळखी आणि दोन-तृतीयांशपेक्षा जास्त एकमत असलं की शिक्का मिळतो. फोटो, तारीख, ठिकाण हवं आणि रोप लावलेलं नसावं. माझ्या नोंदीत दोन मतं होती, आणि त्यातलं एक माझंच! मी सुचवलेलं नाव उचललं, दुसऱ्याने माझं नाव उचललं. स्वतंत्रपणे पाहणारा माणूस त्यात एकही नव्हता. चूक साइटची नव्हती, आम्हा दोघांची होती.

म्हणून आता कोणाचीही नोंद उघडली की शिक्का मी शेवटी बघतो. आधी विचारतो, या दोन जाती वेगळ्या करणारा अवयव फोटोत आहे का? मग ओळखी कोणाच्या आणि कोणत्या क्रमाने आल्या, आणि कोणी कारण लिहिलंय का, ते बघतो. हजारो ओळखी दिलेला माणूसही वर्णन न पाहता बटण दाबू शकतो. "खालच्या दोन जोड्यांत ग्रंथी दिसते" असं एक वाक्य लिहिणाऱ्यावर माझा विश्वास जास्त.

चुकीची नोंद मागे कशी घ्यायची तेही तेव्हाच शिकलो. मी माझं मत काढून फक्त Senna, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं नाव दिलं. तेव्हा साइट विचारते, जातीचं नाव सिद्ध करायला पुरावा पुरेसा नाही असं म्हणायचंय, की तुम्हाला इतकंच ठाऊक आहे? मी पहिलं निवडलं आणि नोंद खाली उतरून Needs ID मध्ये, म्हणजे ओळख बाकी असलेल्यांत गेली. इतरांच्या नोंदीवरही हे गणित चालतं. दोघांनी टाकळा म्हटलं आणि तिसऱ्याने पुराव्याअभावी हरकत घेतली, तर बरोबर दोन-तृतीयांश होतात. नियमाला त्याहून जास्त हवं, म्हणून शिक्का जातो. एका विचारी माणसाचं मत इतकं वजनदार असतं, हे मला फार आवडलं.

पहिला होकार देणाऱ्या सदस्याला मी ग्रंथींबद्दल नम्रपणे लिहिलं. भांडण होईल अशी धास्ती होती. त्याचं उत्तर आलं, "पानाच्या आकारावरून म्हटलं होतं, देठ पाहिला नव्हता. मत मागे घेतो. शेंगा आल्या की पट्टी लावून फोटो टाका." सहा महिन्यांतला सर्वांत सुखद निरोप तो.

जुन्या नोंदी व यादी पाहताना आणखी एक सांभाळावं लागतं. टाकळ्याचं जुनं नाव Cassia tora. त्या काळी पुष्कळांनी या दोन जाती एकच मानल्या होत्या. त्यामुळे जुन्या यादीत ते नाव दिसलं तरी आजच्या अर्थाने तो टाकळाच असेल असं धरता येत नाही. शिक्का मिळालेल्या आणि परवान्याने मोकळ्या असलेल्या नोंदी पुढे GBIF या जगभरच्या जीवनोंदींच्या साठ्यात जातात आणि तिथून अभ्यासकांकडे. एका वरून काढलेल्या फोटोची चूक किती दूर जाऊ शकते, या विचाराने मी आता हात आखडता घेतो.

पक्ष्यांसाठी eBird वापरतो. तिथे त्या भागात अनपेक्षित पक्षी किंवा मोठा आकडा टाकला की स्थानिक स्वयंसेवक तपासतात, म्हणून माझी तक्रार कमी आहे. आकाशासाठी stellarium-web.org. तारा कुठे दिसेल हे गणिताने ठरतं, तिथे कोणाचं मत लागत नाही.

नोव्हेंबरात मी खर्च न करता मुलाची शाळेची पट्टी आणि दहापटीचं जुनं भिंग घेऊन बाहेर पडलो. घरामागच्या झुडपाच्या तीन पानांवर दोन-दोन ग्रंथी दिसल्या, शेंगेचा देठ नऊ मिलिमीटर. रस्त्याकडेच्या एका झुडपावर प्रत्येक पानात एकच ग्रंथी, देठ तेवीस मिलिमीटर. दोघांच्या वेगळ्या नोंदी केल्या. प्रत्येकीत चार फोटो: झुडूप, पानाचा देठ जवळून, फूल, पट्टीसकट शेंग. रस्त्याकडच्याला दुसरी जात म्हणून नाव दिलं. एका सदस्याने आधी दुसरं पान दाखवायला सांगितलं, ते पाहूनच होकार दिला.

जूनचं रोप मात्र आता नाही. ऑगस्टमध्ये रस्त्याकडचं गवत कापलं गेलं तेव्हा तेही गेलं. त्या नोंदीखालच्या प्रश्नात, ओळख आणखी सुधारता येईल का, यावर मी "नाही" असं मत दिलंय, आणि ती Senna वरच थांबली आहे.