‘त्याला’ म्हणजे कुणाला? सर्वनामाच्या जागी काय लिहावं, याचे तीन पर्याय

तांत्रिक दस्तऐवजात ‘तो’, ‘हे’, ‘त्यामुळे’ असे शब्द मोकळे सोडले की वाचणारा अडखळतो, हे तुम्हाला पटलेलं आहे असं धरून चालतो. प्रश्न आहे तो अशा सर्वनामाच्या जागी काय ठेवायचं हा. तीन मार्ग आहेत: नाम पुन्हा लिहायचं, ‘हा’ किंवा ‘ही’च्या पाठीला नाम जोडायचं, नाहीतर वाक्यच असं मोडायचं की मागे बोट दाखवायची गरजच उरणार नाही. अंधेरीच्या एका कंपनीत मी इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही रनबुकं लिहितो. तिन्ही मार्ग वापरून झालेत आणि माझा कल एका बाजूला आहे. तो लपवत नाही, पण तुमची गरज वेगळी असू शकते.

‘मराठीत लिंग आहे, मग गोंधळ होईलच कसा?’ असं म्हणणारे सहकारी नेहमी भेटतात. काही अंशी त्यांचं खरं आहे. ‘सर्व्हिस थांबवून लॉग तपासा, तो रिकामा असेल तर पुढे जा’ या वाक्यात सर्व्हिस स्त्रीलिंगी आणि लॉग पुल्लिंगी, त्यामुळे ‘तो’ म्हणजे लॉग हे आपोआप कळतं. इंग्रजीतल्या ‘इट’ला ही सोय नाही. पण विभक्ती लागली की सोय अर्धी जाते. ‘तो’ आणि ‘ते’ दोघांचंही ‘त्याला’, ‘त्यात’, ‘त्याचा’ होतं, म्हणजे सर्व्हर आणि अ‍ॅप एकाच वाक्यात आले तर ‘त्यात’ दोघांनाही बसतं. शिवाय उसन्या शब्दांचं लिंग घरोघरी वेगळं. आमच्याच मजल्यावर अर्धे लोक ‘तो ईमेल’ म्हणतात, अर्धे ‘ती ईमेल’. म्हणून लिंगाच्या भरवशावर राहणं हा चौथा पर्याय मी मोजतच नाही.

आता एक खरं वाटेल असं उदाहरण घेऊ, कारण हवेत तुलना करण्यात अर्थ नाही. पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर आहेत: लिखाण घेणारा `db1` प्रायमरी, आणि त्याची प्रत ठेवून त्याच्या जागी यायला तयार असलेला `db2` स्टँडबाय. स्टँडबायला प्रायमरी करणं म्हणजे प्रमोट करणं. रनबुकमध्ये मूळ मजकूर असा:

‘प्रायमरी सर्व्हर बंद पडला तर स्टँडबाय सर्व्हर प्रमोट करा. तो उपलब्ध झाला की त्याच्यावर `pg_rewind` चालवा आणि मगच त्याला क्लस्टरमध्ये जोडा.’

लिहिणाऱ्याच्या डोक्यात तिन्ही वेळा `db1` आहे. वाचणारा मात्र सर्वांत जवळचं नाम पकडतो, आणि ते आहे स्टँडबाय सर्व्हर. प्रमोट केलेला स्टँडबाय लिखाणाला ‘उपलब्ध’ व्हायला थोडा वेळ घेतोच, म्हणून हा चुकीचा अर्थही अगदी शहाणा वाटतो. दोन्ही नामं पुल्लिंगी, तेव्हा लिंग इथे काहीच मदत करत नाही. आणि चूक स्वस्त नाही. `pg_rewind` ज्या सर्व्हरवर चालतो त्याची डेटा डिरेक्टरी दुसऱ्या सर्व्हरशी जुळवून टाकतो. उलट्या बाजूने चालवला तर प्रमोशननंतर `db2` वर जमा झालेले व्यवहार पुसले जाऊ शकतात. आमच्या रात्रपाळीचा एक मुलगा कल्याण लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर हे वाचत होता. त्याने सरळ मला फोन लावला: ‘दादा, त्याच्यावर म्हणजे कुणाच्यावर?’ फोनच्या पडद्यावर मागचं वाक्य वर सरकून गेलेलं असतं, म्हणून हा प्रश्न फोनवर वाचणाऱ्यांकडूनच जास्त येतो, असा माझा अनुभव आहे.

पहिला मार्ग, नाम पुन्हा लिहिण्याचा. इंग्रजीत हाच सल्ला सर्वांत आधी मिळतो. गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या मोफत अभ्यासक्रमात तर ढोबळ मापही दिलंय: नाम आणि सर्वनाम यांच्यात पाचपेक्षा जास्त शब्द आले, किंवा मध्ये दुसरं नाम घुसलं, तर सर्वनाम सोडून नामच पुन्हा लिहा. स्टेशनवरची घोषणा हेच करते. प्रत्येक वेळी गाडीचं पूर्ण नाव घेते, ‘ती’ म्हणून कधी भागवत नाही. कंटाळवाणं वाटलं तरी चालतं, आणि मध्ये कुणी नवं वाक्य घुसवलं तरी अर्थ हलत नाही. वर्षानुवर्षं दहा जणांच्या हातून फिरणाऱ्या दस्तऐवजाला हे फार उपयोगी.

मग हाच का नको? कारण एक कटकट, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. नाम पुन्हा लिहिलं की मराठी वाचकाचा प्रश्न मिटत नाही, तो ‘त्याला म्हणजे कुणाला?’वरून ‘प्रायमरी म्हणजे कुठला?’वर येतो. वरच्या वाक्यात नाम भरून बघा:

‘प्रायमरी सर्व्हर बंद पडला तर स्टँडबाय सर्व्हर प्रमोट करा. प्रायमरी सर्व्हर उपलब्ध झाला की प्रायमरी सर्व्हरवर `pg_rewind` चालवा.’

प्रमोट झाल्या क्षणी प्रायमरी `db2` झालाय. नाव भूमिकेचं होतं आणि भूमिका दुसऱ्याकडे गेली. सर्वनाम काढूनही वाक्य होतं तेवढंच धोक्याचं राहिलं, उलट आता ते नीट लिहिल्यासारखं दिसतं म्हणून तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतं.

आणि हे फक्त भूमिकांच्या नावांचं नाही. साधं बघा: ‘कॉन्फिग फाइलची कॉपी करा. फाइल उघडून पोर्ट बदला.’ मूळ फाइल की कॉपी? इंग्रजीत ‘द’ हा छोटासा शब्द निदान एवढं सांगतो की आधी आलेलीच वस्तू पुन्हा येते आहे. मराठीत तसा शब्द नाही. नुसतं ‘फाइल’ म्हणजे कुठलीही फाइल, तीच फाइल, किंवा फाइल हा प्रकार, काहीही असू शकतं. इंग्रजीसाठी बनलेला ‘नाम पुन्हा लिहा’ हा सल्ला ‘द’च्या खांद्यावर उभा आहे, आणि मराठी रनबुकात तो खांदा नसतो. मी हे मोजलेलं नाही. पण मराठी प्रतीवर ज्या शंका माझ्याकडे परत आल्या, त्यांतल्या बऱ्याच अशा कोऱ्या नामांवरच्या होत्या.

दुसरा मार्ग, ‘हा’ किंवा ‘ही’ आणि पाठीला नाम. गूगलच्या त्याच अभ्यासक्रमात ‘धिस’ आणि ‘दॅट’साठी हाही उपाय सांगितलाय. मराठीत तो ‘द’चं काम करून जातो. ‘ही कॉपी उघडून पोर्ट बदला’ असं लिहिलं की एकाच फटक्यात दोन गोष्टी होतात: वस्तू आधीचीच आहे हे कळतं, आणि कुठली ते कळतं. मला यात आवडतं ते म्हणजे लिहिणाऱ्याला पळवाट राहत नाही. ‘ही’च्या पुढे ‘कॉपी’ घालायची की ‘मूळ फाइल’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. सर्व्हरचं वाक्य या मार्गाने असं होतं:

‘बंद पडलेला हा जुना प्रायमरी पुन्हा उपलब्ध झाला की त्याच जुन्या प्रायमरीवर `pg_rewind` चालवा.’

‘हा’ एकटा पुरला नसता. काम केलं ते ‘जुना’ने. म्हणून नाम निवडताना नुसतं मागचं उचलू नका, दोन उमेदवारांत फरक पाडणारं विशेषण जोडा.

या मार्गाचा दुसरा फायदा असा की अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवता येतं. ‘जुन्या प्रायमरीवर पोस्टग्रेस थेट सुरू केलं तर दोन्ही सर्व्हर लिखाण स्वीकारू लागतात. हे टाळण्यासाठी…’ इथे ‘हे’ म्हणजे सुरू करणं की दोघांनी लिखाण घेणं? नाम पुन्हा लिहायला गेलो तर मागे तसं नामच नाही, आहे ती क्रिया. ‘हे दुहेरी लिखाण टाळण्यासाठी’ म्हटलं की मिटलं. तसंच ‘`max_wal_senders` वाढवा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. यामुळे चालू कनेक्शन तुटतील’ या जोडीत ‘यामुळे’ऐवजी ‘या रीस्टार्टमुळे’ लिहा. सेटिंग बदलल्याने कनेक्शन तुटत नाहीत, रीस्टार्टने तुटतात, आणि रीस्टार्ट कधी घ्यायचा हे ठरवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. उणीव एवढीच की चुकीचं नाम जोडलं गेलं तर वाचक बिनदिक्कत त्याच्या मागे जातो.

तिसरा मार्ग, वाक्य मोडण्याचा, आज्ञा द्यायच्या ठिकाणी मीही वापरतो. प्रत्येक पायरीला यंत्राचं नाव द्यायचं: ‘`db2` वर: प्रमोट करा.’ ‘`db1` वर: पोस्टग्रेस बंद असल्याची खात्री करा, मग पुढची आज्ञा चालवा.’

```
pg_rewind --target-pgdata=/var/lib/postgresql/16/main \
  --source-server='host=db2 user=postgres dbname=postgres' \
  --write-recovery-conf
```

इथे सर्वनामाला जागाच नाही, आणि मध्यरात्री वाचणाऱ्याला यापेक्षा चांगलं काही नसावं. अडचण दोन ठिकाणी येते. पुढच्या फेलओव्हरला `db2` पडला की ही पायरी उलटी लागू होते, म्हणजे भूमिका समजावणारा एखादा परिच्छेद लागतोच. आणि ‘का’ सांगणारं गद्य पायऱ्यांत मोडलं की कारण आणि परिणाम यांची सांधेजोड तुटते. त्या परिच्छेदात मी पुन्हा ‘हा’ आणि नामाकडे येतो.

तुमचे दस्तऐवज फक्त इंग्रजीत असतील तर नाम पुन्हा लिहिणं बहुधा पुरेल. ‘द’ तुमच्या मदतीला आहे. मराठीत लिहिणार असाल, किंवा इंग्रजीवरून मराठी प्रत निघणार असेल, तर मी तरी दुसरा मार्ग धरेन, आणि आज्ञांच्या जागी तिसरा.

जुन्या फायली चाळायला सुरुवात करायची तर एवढं पुरतं:

```
grep -nE '(^| )(हे|ते|तो|ती|त्याला|त्यात|यामुळे) ' restore.md
```

यात ‘तो लॉग’, ‘ती फाइल’ असे आधीच नीट असलेलेही सापडतील, आणि ‘त्याच्यावर’सारखी लांब रूपं सुटतील. ती हवी तशी यादीत घाला. सापडलेल्या प्रत्येक ओळीच्या आधीची ओळ झाकून बघा. ‘कुठला?’ असा प्रश्न पडला तर बदला, नाही पडला तर सर्वनाम राहू द्या. एकाच वस्तूबद्दल चाललेल्या छोट्या वाक्यांत दर वेळी नाम कोंबलं तर वाचणाऱ्याला ते दुसरंच काही असेल अशी शंका येते.