फुल वेव्ह की चॉप्ड वेव्ह?

३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर घेताना एका मित्राने विचारलं, विजेसारखा व्होल्टेजचा धक्का देऊन होणाऱ्या इम्पल्स चाचणीत चॉप्ड वेव्हचे, म्हणजे मध्येच तोडलेल्या लाटेचे, जादा पैसे द्यावेत का?

फुल वेव्ह म्हणजे १.२/५० मायक्रोसेकंद, म्हणजे १.२ मध्ये चढून ५० पर्यंत निम्म्यावर येणारी पूर्ण लाट, १७० केव्ही. ती दोष चांगला दाखवते. कमी व्होल्टेजचा न्यूट्रल करंट मोठा करून पूर्ण व्होल्टेजच्या आलेखावर ठेवा. मध्येच रेघ फुटून करंट वर गेला, तर बहुधा वेढे आपसांत शॉर्ट झालेत.

चॉप्ड वेव्ह १८७ केव्हीची. काही मायक्रोसेकंदांतच कोसळते आणि लाइनकडच्या पहिल्या वेढ्यांना झोडपते. पण चॉपची वेळ जरा हलली तरी आलेख जुळत नाहीत. म्हणून नंतर पुन्हा फुल वेव्ह मारतातच.

ओव्हरहेड लाइनवर, बुशिंगला रॉड गॅप असेल तर चॉप्ड घ्याच, कारण त्या गॅपमध्ये ठिणगी पडली की लाट अशीच कोसळते. लांब केबलमागे, जादा व्होल्टेज जमिनीत सोडणाऱ्या अरेस्टरसह ट्रान्सफॉर्मर बसणार असेल तर मी फुल वेव्हवर भागवेन.