होम लोनच्या निम्म्या वाटेवर किती व्याज भरून होतं? हप्त्यांचं शीट काही महिने वापरल्यावरचा अनुभव

जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तेव्हा २५ लाखांचं लोन काढलं, २० वर्षांचं, सुरुवातीचा रेट ८.५ टक्के. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघते, त्यामुळे आकड्यांची सवय आहे आणि बँकेनं दिलेला हप्त्यांचा तक्ता नुसता फाईलला लावून ठेवणं मला जमत नाही. म्हणून मोबाईलवर गूगल शीटमध्ये स्वतःचा तक्ता केला आणि गेले काही महिने तो नियमित वापरतेय. त्यात एक आकडा मी मुद्दाम वर मोठ्या अक्षरात ठेवलाय तो म्हणजे निम्मे हप्ते संपतील तेव्हा एकूण व्याजातलं किती टक्के व्याज भरून झालेलं असेल. हा रिव्ह्यू त्या आकड्याचा आहे, कारण त्याच्यावरून लोक लई उलटेसुलटे निर्णय घेतात.

आधी आकडा काढायचा कसा ते सांगते. शीटमध्ये एका सेलमध्ये हे टाका:

```
=CUMIPMT(8.5%/12,240,2500000,1,120,0)
```

म्हणजे महिन्याचा रेट, एकूण हप्ते, लोनची रक्कम, पहिल्या हप्त्यापासून १२० व्या हप्त्यापर्यंत, आणि शेवटचा शून्य म्हणजे हप्ता महिन्याच्या अखेरीस. उत्तर उणे चिन्हात येतं, घाबरू नका, पैसे बाहेर जातायत म्हणून ते तसं येतं. मग 120 च्या जागी 240 टाकून एकूण व्याज काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. एक्सेलमध्येही हेच चालतं.

माझ्या लोनला हप्ता येतो २१,६९६ रुपये. वीस वर्षांत एकूण व्याज साधारण २७ लाख ७ हजार, म्हणजे मुद्दलापेक्षाही जास्त. त्यातलं पहिल्या दहा वर्षांत जातं १८ लाख ५३ हजार, म्हणजे साडेअडुसष्ट टक्के. आणि दहा वर्षं हप्ते भरून मुद्दल किती फिटलं तर फक्त साडेसात लाख, बाकी अजून साडेसतरा लाख उभीच! मुद्दल निम्मं व्हायला चौदाव्या वर्षाच्या शेवटाकडे जावं लागतं, आणि व्याज मात्र सात वर्षांच्या आतच निम्मं भरून झालेलं असतं. हे पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो हे खरं आहे.

आता इथं जवळपास प्रत्येकजण म्हणतो की बघा, बँक आधी स्वतःचं व्याज काढून घेते आणि मग मुद्दलाला हात लावते. पण तक्ता ओळीओळीनं बघितला तर तसं काही होत नाही. दर महिन्याला त्या महिन्यात जेवढी बाकी आहे तेवढ्याचंच व्याज लागतं, एक रुपया जास्त नाही. पहिल्या महिन्यात २५ लाख बाकी, त्याचं महिन्याचं व्याज १७,७०८, हप्ता २१,६९६, म्हणून मुद्दलात गेले ३,९८८. १२१ व्या हप्त्याला बाकी साडेसतरा लाख आहे म्हणून व्याज १२,३९५ आणि मुद्दलाला ९,३०१. मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा होतो तो १४३ व्या हप्त्याला, म्हणजे बारावं वर्ष संपत आलेलं असतं तेव्हा. सुरुवातीला जास्त व्याज जातं कारण सुरुवातीला आपल्याकडे बँकेचे जास्त पैसे असतात, दुसरं काही कारण नाही. हप्ता सारखा ठेवायचा म्हणल्यावर मुद्दलाला सुरुवातीला उरतंच थोडं.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला शीटमध्ये आकडे बदलून बघताना कळली. तेच २५ लाख, तोच रेट, पण मुदत ३० वर्षं करून बघितली. हप्ता १९,२२३ वर आला, म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच हजार कमी, आणि एकूण व्याज ४४ लाख २० हजारांवर गेलं. मग निम्म्या वाटेवरची टक्केवारी वाढायला पाहिजे असं कुणालाही वाटेल की नाही? ती कमी झाली! साधारण ६६ टक्के. कारण मुदत लांबली की बाकी लई हळू उतरते, पंधरा वर्षांनी पण साडेएकोणीस लाख शिल्लक राहतात, त्यामुळे उरलेल्या पंधरा वर्षांतसुद्धा भरपूर व्याज भरायचं असतं आणि पहिल्या भागाचा वाटा लहान दिसतो. उलट १० वर्षांचं लोन टाकलं तर पाच वर्षांतच ७१ टक्के व्याज भरून होतं, पण एकूण व्याजच फक्त १२ लाख २० हजार असतं. म्हणजे टक्का जास्त तर लोन वाईट असं बिलकुल नाही, ह्या तीन आकड्यांत तर उलटंच दिसतंय. दोन लोनची तुलना करताना हा टक्का बघूच नका, एकूण व्याज रुपयात बघा.

हा टक्का कामाला येतो कुठं, तर निम्म्यावर आलेला माणूस निर्णय घेतो तिथं. आमच्या भाऊजींचं, म्हणजे मोठ्या दिरांचं लोन आता निम्म्यावर आलंय. त्यांच्या हातात थोडे पैसे आलेत, आणि त्यांचं म्हणणं असं की व्याज तर बहुतेक भरून झालंय, आता राहिलंय ते मुद्दलच, मग आगाऊ भरून काय उपयोग. हा समज घरोघरी आहे. त्यांच्या लोनला मधे रेट बदललेत म्हणून हिशोब गुंतागुंतीचा होतो, तेव्हा मी माझ्याच आकड्यांवर त्यांना करून दाखवलं.

समजा १२० हप्ते झालेत, बाकी साडेसतरा लाख, आणि आता ३ लाख एकदम भरले. हप्ता तोच २१,६९६ ठेवला तर उरलेले १२० हप्ते ९१ वर येतात आणि पुढं भरायचं व्याज ८ लाख ५३ हजारांवरून ५ लाख २१ हजारांवर येतं. म्हणजे तीन लाख भरून तीन लाख ३२ हजार व्याज वाचलं, तेही निम्म्या वाटेवर, जिथं लोक म्हणतात की आता काही उरलं नाही. हेच तीन लाख दुसऱ्या वर्षी भरले असते तर वाचलेली रक्कम पुष्कळ मोठी दिसली असती, पण ती मोठी का दिसते तर पैसे जास्त वर्षं काम करतात म्हणून. भरलेल्या प्रत्येक रुपयावर वर्षाला वाचतात ते साडेआठ टक्केच, दुसऱ्या वर्षी पण आणि बाराव्या वर्षी पण. मागच्या दहा वर्षांत काय भरलं ते गेलं, त्याचा ह्या निर्णयाशी काही संबंध नाही. भाऊजींनी बघायचं एवढंच की हे तीन लाख दुसरीकडं ठेवले तर टॅक्स जाऊन साडेआठच्या वर सुटतात का, आणि अडीअडचणीला हाताशी पैसा राहतो का. फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराला आगाऊ भरल्याचा दंड लागत नाही, तोही प्रश्न नाही.

आता शीटच्या मर्यादा, कारण वरचं सूत्र आंधळेपणानं वापरलं तर फसगत होते. ते धरून चालतं की रेट वीस वर्षं एकच राहणार. आपल्याकडं १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग होम लोनं रेपो रेटसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या काळात रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा कित्येकांचा हप्ता जागच्या जागी राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. किती लांबते ते बघा: माझं लोन अगदी नवीन असताना रेट ८.५ चा ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० चे ३०९ हप्ते होतात, जवळपास पावणेसहा वर्षं जास्त! तोच एक टक्का निम्म्या वाटेवर वाढला तर फक्त नऊ हप्ते वाढतात. म्हणजे तुम्ही ज्याला निम्मा टप्पा समजून बसलाय तो पुढं सरकलेला असू शकतो. आणि इथंही तेच, पहिल्या केसमध्ये एकूण व्याज २७ चं ४२ लाखांच्या जवळ जातं आणि निम्म्या वाटेवरचा टक्का साडेअडुसष्टवरून ६६ वर उतरतो. नुसता टक्का बघणाऱ्याला वाटेल की बरं झालं.

म्हणून रेट बदलला की मी सूत्र सोडून ओळीओळीचा तक्ता वापरते: बाकी, त्या महिन्याचा रेट, व्याज, हप्ता, मुद्दल, नवीन बाकी, बस्स. आणि तो बँकेच्या उताऱ्याशी लावून बघते. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणं दर तिमाहीला आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक रेट असलेला उतारा बँकेनं द्यायचा असतो. त्यातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा सगळ्यात आधी बघा. तीन महिन्यांत तो तीननं कमी झाला नसेल तर मुदत बदललीय. रेट वाढताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारायचा हक्क त्याच सूचनेत आपल्याला दिलाय.

महिन्याच्या व्याजात थोडा फरक दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका. काही ठिकाणी व्याज रोजच्या बाकीवर काढतात, मग २५ लाखांवर ३१ दिवसांच्या महिन्यात १८,०४८ येतं आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत १६,३०१, शीटमध्ये मात्र दर महिन्याला १७,७०८ धरलेले असतात. वर्षाची बेरीज जुळतेय का ते बघायचं. बांधकाम चालू असताना टप्प्याटप्प्यानं पैसे सुटले असतील तर त्या काळातलं नुसतं व्याज ह्या तक्त्यात येतच नाही, ते वेगळं मांडा.

शेवटी पार्ट पेमेंट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण भाऊजींच्या वेळी काउंटरवर हीच विचारायची राहत होती. वरच्या तीन लाखांच्या हिशोबात हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर ३ लाख ३२ हजार वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर हप्ता १७,९७६ होतो आणि वाचतात फक्त १ लाख ४६ हजारांच्या आसपास. पगारावर ताण असेल तर दुसरा पर्याय घ्या, पण ठरवून घ्या. मुदत कमी करायची असेल तर अर्जावर तसं स्पष्ट लिहा, पोच घ्या, आणि पुढच्या तिमाहीच्या उताऱ्यात उरलेले हप्ते खरंच तेवढे कमी झालेत का ते तपासा.