नऊ इंची कॉलम: एसपी १६ चा चार्ट की स्वतः काढलेला वक्र?

आखूड कॉलमवर भार आणि एकाच बाजूने मोमेंट असेल, तर आपल्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे १९८० चं एसपी १६ उघडून चार्टवर बोट ठेवायचं, दुसरी म्हणजे एक्सेलमध्ये त्याच सेक्शनचा वक्र काढायचा. मी बरीच वर्षं चार्टच वापरला, आणि ३०० मिमीचा कॉलम असेल तर आजही वापरतो. दोन मिनिटांत काम होतं.

माझं मन वळलं ते नऊ इंची कॉलममुळे. बेळगावात घरमालकाला भिंतीच्या बाहेर आलेला कॉलम खपत नाही, त्यामुळे २३० मिमी ठरलेलंच. आता ४० कव्हर, ८ ची रिंग आणि १६ च्या सळईचा अर्धा व्यास मिळून d' होतो ५६. त्याला २३० ने भागलं की ०.२४ येतं. चार्ट मात्र ०.२० ला संपतात! मग बहुतेक जण, मीही त्यातलाच, शेवटचा चार्ट घेऊन पुढे सरकतात.

अनगोळच्या एका घराचा कॉलम होता २३० × ४५०, एम२५, एफई ५००, लांब बाजूंवर तीन-तीन अशा १६ च्या सहा सळया. Pu ७०० किलोन्यूटन, पातळ बाजूने Mu ५४ किलोन्यूटन-मीटर. चार्ट ३८ वर p/fck ०.०४७ येतं, म्हणजे ०.०४ आणि ०.०६ च्या रेषांमध्ये नजरेने अंदाज करायचा. तिथे क्षमता साधारण ५६ निघाली. पास.

नंतर एक्सेलमध्ये खरा d' घातला. रीत साधी आहे: xu धरा, दाबाच्या कडेला ०.००३५ स्ट्रेन ठेवा, प्रत्येक सळईची स्ट्रेन काढून एफई ५०० च्या आलेखावरून स्ट्रेस घ्या, काँक्रीटचं बळ मिळवा, बेरीज ७०० येईपर्यंत xu हलवा. माझा xu १४२ च्या जवळ थांबला. मध्यरेषेभोवती मोमेंट घेतली तर फक्त ५१. नापास! काँक्रीटचा वाटा जवळपास तोच होता, पण चार्टच्या ०.२० प्रमाणे d' ४६ असतो, त्यापेक्षा सळया मध्याकडे दहा मिमी सरकल्याने त्यांचा हात ६९ वरून ५९ वर आला होता. प्रत्येक बाजूला चौथी सळई टाकल्यावर ५८ मिळाले.

एक्सेलची खोड अशी, की चुकीच्या फॉर्म्युल्यालाही तो ऐटीत उत्तर देतो. xu सेक्शनच्या बाहेर गेला की ०.००३५ चालत नाही, हे हमखास विसरलं जातं. म्हणून चार्ट मी टाकलेला नाही: शीटमध्ये d' ४६ घालून Mu/(fck·b·D²) ०.०९४ च्या आसपास येतं का, ते चार्ट ३८ वर पडताळतो. जुळलं की मग ५६ घालतो.

तुमचे कॉलम सगळे बारा इंची असतील, तर कदाचित एवढा खटाटोप नको. नऊ इंचीला मात्र मी चार्टवरून सही करत नाही.